पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच? ही गाठ अशी सोडवा

माझी भाची नाशिकला राहून दूरशिक्षणाचा एक अभ्यासक्रम करते. मागे एकदा रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "मामा, पासवर्ड बरोबर आहे, ओटीपीपण येतोय, पण चाचणी उघडली की परत लॉगिनच मागतंय. बारापर्यंत सबमिट करायचीय." मी तिला सगळे सांगतात तेच सांगितलं: "अगं, सगळ्या कुकीज पुसून टाक." तिने पुसल्या. चाचणी काही उघडली नाही, उलट ईमेल, वीजबिल, रेल्वेचं तिकीट अशा सगळ्या ठिकाणांहून ती बाहेर फेकली गेली आणि त्यांचे पासवर्ड शोधण्यात आणखी वीस मिनिटं गेली. तेव्हापासून हे दुखणं कुणी घेऊन आलं की मी आधी पुसायला सांगत नाही, आधी बघायला सांगतो.

काय बघायचं ते कळायला हे घडतं कसं तेवढं समजून घ्या. वेबसाइटला तुमचा चेहरा लक्षात राहत नाही. तुम्ही उघडता ते प्रत्येक पान तिच्या दृष्टीने नवं गिऱ्हाईक असतं. म्हणून लॉगिन झाल्यावर ती तुमच्या ब्राउझरकडे एक बिल्ला देते, देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर देतात तसा. पुढचं प्रत्येक पान मागताना ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. हा बिल्ला म्हणजे कुकी. बिल्ला हरवला, किंवा ब्राउझरने तो दाखवायलाच नकार दिला, तर काउंटरवाला पुन्हा विचारणार: आपण कोण?

चक्र सुरू होतं ते बहुतेकदा या नकारातून. भाचीच्या पानावर वरचा पत्ता कॉलेजचा होता, पण चाचणी घेणारी कंपनी वेगळी होती आणि तिचं पान कॉलेजच्या पानातल्या एका चौकटीत उघडत होतं. वरच्या पट्टीत ज्याचा पत्ता दिसतो तो घरचा माणूस, चौकटीतला तिऱ्हाईत. तिऱ्हाइताने ठेवलेली ही कुकी म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. जाहिरात कंपन्या अशाच कुकीज वापरून माणूस या साइटवरून त्या साइटवर कसा फिरतो याचा माग काढतात, म्हणून ब्राउझरांनी त्यांच्यावर बंधनं आणली. सफारी 2020 पासून त्या सरसकट अडवतं. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक साइटसाठी कुकीची वेगळी बरणी ठेवतं, त्यामुळे एका साइटवर मिळालेला बिल्ला दुसऱ्या साइटच्या चौकटीत दिसतच नाही. क्रोमच्या साध्या खिडकीत त्या अजून चालतात, मात्र इन्कॉग्निटोमध्ये मुळातच बंद असतात आणि साध्या खिडकीतही कुणी सेटिंग बदललं असेल तर बंद होतात.

चौकट दरवेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही. काही साइट्स तुमचं लॉगिन चालू आहे ना, हे मधूनमधून एका न दिसणाऱ्या चौकटीतून लॉगिनच्या सर्व्हरला विचारून घेतात. तिथे बिल्ला पोचला नाही की उत्तर येतं "ओळखत नाही", आणि तासभर नीट चाललेलं पान अचानक लॉगिनवर येऊन आदळतं.

पहिली पायरी: पत्त्याच्या पट्टीकडे बघा

लॉगिन करा आणि नजर वरच्या पट्टीवर ठेवा. पासवर्ड चुकीचा असेल तर साइट तसं स्पष्ट लिहिते. चक्रात असा कुठलाच संदेश येत नाही. पान क्षणभर पुढे जातं, मागे येतं आणि रिकामे रकाने पुन्हा समोर येतात. कधी ब्राउझर स्वतःच थकतो आणि `ERR_TOO_MANY_REDIRECTS` असं लिहून थांबतो.

आता दोन शक्यता आहेत. वरचा पत्ताच बदलत असेल, म्हणजे साइटवरून लॉगिनच्या पत्त्यावर आणि तिथून परत, तर पूर्ण पानच ये-जा करत आहे. वरचा पत्ता जागेवर असून पानाच्या मधल्याच भागात लॉगिन पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती चौकट आहे आणि संशय थेट थर्ड-पार्टी कुकीवर घ्यावा. भाचीचं हे दुसरं प्रकरण होतं.

इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघ, असा सल्ला लोक हमखास देतात. या दुखण्यात तो फसवतो. तिथे थर्ड-पार्टी कुकीज आधीच बंद असल्याने साध्या खिडकीत चालणारी साइटही चक्रात अडकू शकते. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरी पायरी: चौकटीतलं पान बाहेर काढा

कुठलंही सेटिंग न बदलता करण्यासारखा हा उपाय आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. चौकटीच्या आसपास नवीन खिडकीत उघडण्याची लिंक आहे का बघा, बऱ्याच पोर्टलवर ती कोपऱ्यात असते. फायरफॉक्समध्ये चौकटीच्या आत राइट-क्लिक करून `This Frame` आणि मग `Open Frame in New Tab` निवडता येतं. नव्या टॅबमध्ये वरचा पत्ता त्या दुसऱ्या कंपनीचाच होतो, म्हणजे तिऱ्हाईत आता घरचा झाला आणि त्याची कुकी अडवण्याचं कारणच उरत नाही.

तिथे लॉगिन करून काम होत असेल तर तिथेच करा. मात्र काही चाचण्या कॉलेजच्या पानातूनच सुरू कराव्या लागतात, कारण विद्यार्थी कोण हे कॉलेजचं पान त्यांना सांगतं. अशी चाचणी थेट उघडली तर कोरं पान किंवा एरर दिसते. भाचीच्या बाबतीत तेच झालं, म्हणून पुढची पायरी.

तिसरी पायरी: परवानगी द्या, पण एकाच साइटला

क्रोममध्ये कुकी अडवली गेली असेल तर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की थर्ड-पार्टी कुकीजचं बटण येतं. ते चालू केलं की पान पुन्हा लोड होतं. ही परवानगी त्या साइटपुरती आणि तात्पुरती असते. घाईच्या वेळी एवढं पुरेसं आहे.

पोर्टल रोज वापरायचं असेल तर कायमची नोंद करा. संगणकावर पत्त्याच्या पट्टीत हे टाइप करा:

```
chrome://settings/cookies
```

पान खाली सरकवा, `Sites allowed to use third-party cookies` ही यादी सापडेल. `Add` दाबा आणि ज्या साइटवर तुम्ही काम करत असता, म्हणजे वरच्या पट्टीत जिचा पत्ता असतो, ती लिहा. समजा पत्ता `college.example` आहे, तर असं:

```
[*.]college.example
```

पुढच्या चौकोनी कंसामुळे त्या पत्त्याच्या सगळ्या उपशाखांनाही परवानगी लागू होते. नोंद केल्यावर पोर्टलचे सगळे टॅब बंद करून नव्याने लॉगिन करा. जुन्या टॅबमध्ये अर्धवट राहिलेलं लॉगिन पुन्हा गोंधळ घालतं. याच पानावर थर्ड-पार्टी कुकीज सगळ्यांसाठी खुल्या करण्याचा पर्यायही आहे, पण एका चाचणीसाठी सगळ्या जाहिरातवाल्यांना दार उघडून देऊ नका.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. आयफोनवर मात्र साइटनिहाय यादी नाही. सफारीच्या सेटिंगमध्ये `Prevent Cross-Site Tracking` बंद केलं तर ते सगळ्याच साइट्ससाठी बंद होतं, म्हणून काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करा. त्याआधी एक करून बघा: दुसऱ्या कंपनीच्या साइटवर स्वतंत्रपणे एकदा लॉगिन करा आणि मग पोर्टलवर परत या. सफारी कधी कधी विचारतं की या साइटला इथे कुकी वापरू द्यायची का. तो प्रश्न आला तर होकार द्या, सेटिंगला हात लावायची गरज राहत नाही.

एखाद्या ॲपच्या आतच लिंक उघडली असेल तर वेळ घालवू नका. ॲपमधल्या ब्राउझरला तुमची क्रोममधली परवानगी बहुतेकदा लागू होत नाही. तीन ठिपक्यांच्या मेनूतून ते पान मुख्य ब्राउझरमध्ये उघडा.

कुकी टिकतच नसेल तर

वरचा पत्ताच ये-जा करत असेल, किंवा ब्राउझर बंद करून उघडला की दरवेळी सगळीकडे नव्याने लॉगिन करावं लागत असेल, तर बिल्ला ठेवला जातोय का तेच तपासा:

```
chrome://settings/content/siteData
```

इथे तीन पर्याय दिसतात. साइट्सना डेटा ठेवूच न देणारा पर्याय निवडलेला असेल तर कुठलंच लॉगिन टिकणार नाही. सगळ्या खिडक्या बंद केल्यावर डेटा पुसणारा पर्याय निवडलेला असेल तर रोज सकाळी नवं लॉगिन आलंच. सायबर कॅफे किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर हे मुद्दाम केलेलं असतं, तिथे ते तसंच राहू द्या. घरच्या संगणकावर पहिला पर्याय निवडा. खालच्या याद्यांत तुमच्या साइटचं नाव अडकलेलं नाही ना, तेही बघा.

हे सगळं ठीक असेल तेव्हा पुसण्याची पाळी येते, आणि पुसायचं ते त्या एकाच साइटचं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, `Cookies and site data` आणि मग `Manage on-device site data` उघडा. त्या साइटच्या आणि तिच्या लॉगिनच्या पत्त्यापुढचं कचरापेटीचं चिन्ह दाबा. जुनी, कालबाह्य कुकी अडून बसलेली असेल तर ती एवढ्याने जाते आणि तुमची बाकीची लॉगिन शाबूत राहतात. पुन्हा जाताना बुकमार्कवरून जाऊ नका. पुष्कळ जण चुकून लॉगिनचंच पान बुकमार्क करून ठेवतात. त्या पत्त्यात त्या दिवसापुरती खूण असते आणि ती शिळी झाली की चक्र पुन्हा सुरू होतं. साइटचा मुख्य पत्ता हाताने टाइप करा.

दोष साइटचा आहे हे कसं ओळखावं

परवानगी दिलेल्या क्रोममध्ये, संरक्षण उतरवलेल्या फायरफॉक्समध्ये आणि दुसऱ्याच्या फोनवरही तेच चक्र येत असेल, तर तुमच्या हातात फार काही उरत नाही. 2020 पासून क्रोमचा नियम आहे की चौकटीत चालणाऱ्या कुकीवर साइटने स्वतः `SameSite=None; Secure` असा शिक्का मारायचा. तो मारला नसेल तर परवानगी असूनही ती कुकी चौकटीत जाईलच याची खात्री नसते. हा शिक्का साइट चालवणाऱ्यालाच मारता येतो.

खात्री करायची असेल तर संगणकावर `F12` दाबा, `Network` उघडा, `Preserve log` वर टिक करा आणि पुन्हा लॉगिन करा. यादीतल्या लॉगिनच्या ओळींवर क्लिक करून `Cookies` हा भाग बघा. नाकारलेली कुकी पिवळ्या रंगात दिसते आणि तिच्यावर माउस नेला की कारणही वाचता येतं.

भाचीची चाचणी त्या रात्री डोळ्याच्या चिन्हाने उघडली आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सबमिट झाली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडून मदत कक्षाला मेल पाठवून घेतला. "लॉगिन होत नाही" एवढंच लिहिलं असतं तर उत्तर पासवर्ड रीसेट करा असंच आलं असतं. म्हणून तिने ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, चक्र कुठल्या दोन पत्त्यांमध्ये फिरतं, थर्ड-पार्टी कुकीला परवानगी दिल्यावर चाचणी उघडते हे निरीक्षण, आणि अडवलेल्या कुकीच्या ओळीचा स्क्रीनशॉट एवढं दिलं. त्यांनी पासवर्डचं नाव काढलं नाही. चाचणी नव्या टॅबमध्ये उघडणारी लिंक आता चौकटीच्या वरच दिसते.