स्टेजिंगवरचं काम लाइव्ह करताना या चुका टाळा

पैठणीवाले, बियाणांचे दुकानदार, केशर आंब्याचे बागायतदार असे मराठवाड्यातले बरेच जण आता स्वतःच्या साइटवरून माल विकतात. त्यातल्या अनेक साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालतात. चालू दुकानात थेट तोडफोड नको म्हणून साइटची हुबेहूब प्रत करायची, बदल तिथे करून बघायचे आणि मग ते खऱ्या साइटवर न्यायचे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ही प्रत म्हणजेच स्टेजिंग. प्रत काढायला होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बटण असतं, त्यात फारसं काही चुकत नाही. मोठं नुकसान होतं ते स्टेजिंगवरून परत लाइव्हवर येताना.

चूक पहिली: सगळी प्रत जशीच्या तशी लाइव्हवर ढकलणं

समजा, अंबाजोगाईच्या एका बागायतदाराची साइट आहे आणि मे महिना चालू आहे. शुक्रवारी रात्री त्यांनी स्टेजिंग प्रत काढली. तेव्हा साइटवर शिल्लक 60 पेट्या दिसत होत्या. शनिवार-रविवार स्टेजिंगवर थीम अपडेट केली, डिलिव्हरीचे दर बदलले, मराठवाड्यात पेटीमागे 80 रुपये आणि पुण्या-मुंबईला 150. चेकआउट नीट चालतंय का बघायला एकेका पेटीच्या दोन खोट्या ऑर्डरीही टाकल्या. सगळं ठीक दिसलं आणि रविवारी संध्याकाळी बटण दाबून फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही लाइव्हवर पाठवले.

दरम्यान खरी साइट काही बंद नव्हती. त्या दोन दिवसांत 26 गिऱ्हाइकांनी एकेक पेटी घेतली होती. आता त्या 26 ऑर्डरी साइटवर कुठेच नाहीत, कारण शुक्रवारचा डेटाबेस रविवारच्या डेटाबेसवर बसला. पैसे मात्र पेमेंट गेटवेत जमा आहेत. बागेत 34 पेट्या उरल्यात आणि साइट दाखवतेय 58, म्हणजे नसलेल्या 24 पेट्या ती अजून विकणार. या दोन दिवसांत ज्यांनी खातं उघडलं, त्यांना लॉगिन होत नाही. सगळ्यात चिवट गुंता ऑर्डर क्रमांकांचा. डेटाबेस मागे गेल्यामुळे क्रमांकांची मोजणीही मागे गेली, त्यामुळे आधी एका गिऱ्हाइकाला दिलेला क्रमांक आता दुसऱ्याला मिळू शकतो. एकाच क्रमांकाची दोन पार्सलं निघाली की कोणाचा पत्ता कोणता, हे शोधत बसावं लागतं.

हे घडलंय का, ते ओळखायला गेटवेच्या डॅशबोर्डवरचे व्यवहार आणि साइटवरच्या ऑर्डरी शेजारी-शेजारी ठेवा. तिथे पैसे आहेत आणि इथे ऑर्डर नाही, असं एकापाठोपाठ दिसलं तर शंका धरायला जागा आहे. ऑर्डरींच्या यादीत तुमच्याच चाचणीच्या ऑर्डरी सापडल्या तर शंका उरतच नाही.

असं झालंच, तर आधी साइट मेंटेनन्स मोडवर टाका. दर नव्या ऑर्डरीगणिक क्रमांकांचा गुंता वाढतो. ढकलण्याआधीचा बॅकअप शोधा, बऱ्याच होस्टिंगवर तो आपोआप निघतो. चूक काही मिनिटांत लक्षात आली आणि मधे ऑर्डर आली नसेल, तर तो बॅकअप पूर्ण परत लावला की झालं. पण मधे नव्या ऑर्डरी आल्या असतील तर तो लाइव्हवर लावू नका, नाहीतर आता त्या नव्या पुसल्या जातील. बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा आणि त्यातून हरवलेल्या ऑर्डरी काढून साइटवर भरा. बॅकअपच नसेल तर दुकानदाराला येणाऱ्या ‘नवीन ऑर्डर’च्या ईमेल कामी येतात; त्यात नाव, पत्ता, माल सगळं असतं.

मग न्यायचं काय?

माझ्या मते नियम एकच ठेवावा: स्टेजिंगवरून लाइव्हवर फक्त फाइल्स न्यायच्या, आणि डेटा नेहमी लाइव्हवरून स्टेजिंगवर आणायचा. थीम आणि प्लगइन या फाइल्स आहेत, त्या न्या. डिलिव्हरीचे दर, मेन्यू, सेटिंग हे डेटाबेसमध्ये असतं. ते स्टेजिंगवर बदलताना कागदावर लिहून ठेवा आणि लाइव्हवर हाताने पुन्हा भरा. वरच्या उदाहरणात दोन दरच तर भरायचे होते. नवं पान केलं असेल तर एडिटर कोड मोडमध्ये उघडून मजकूर उचलता येतो, फक्त फोटो लाइव्हवर वेगळे चढवावे लागतात.

काही साधनं ‘निवडक टेबल पाठवा’ अशी सोय देतात. ती ऐकायला बरी वाटते, पण पानं आणि उत्पादनं दोन्ही `wp_posts` या एकाच टेबलात राहतात, आणि जुन्या पद्धतीच्या साठवणीत ऑर्डरीही तिथेच. एक पान न्यायला टेबल पाठवलं तर बाकीचंही सोबत जातं. पूर्ण डेटाबेस न्यावाच लागणार असेल, तर रात्री उशिरा लाइव्ह साइट मेंटेनन्सवर टाका, तेव्हाच ताजी प्रत काढा, लिहून ठेवलेले बदल तिच्यावर करा, प्रत परत पाठवा आणि मगच दुकान उघडा.

चूक दुसरी: स्टेजिंगला गप्प न करणं

प्रतीत खऱ्या गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते आणि मोबाइल नंबर जसेच्या तसे येतात. स्टेजिंगवर बघायचं म्हणून एखाद्या जुन्या ऑर्डरीची स्थिती ‘पूर्ण’ केली, की लातूरच्या गिऱ्हाइकाला खरा ईमेल जातो. पेटी अजून गाडीतसुद्धा चढलेली नसते आणि त्यांचा फोन येतो. शिवाय ठरलेल्या वेळेची कामं स्टेजिंगवरही चालतात. अर्धवट सोडलेल्या खरेदीची आठवण देणारा ईमेल त्यामुळे दोनदा जाऊ शकतो.

म्हणून प्रत काढल्याबरोबर, दुसरं काहीही करण्याआधी, स्टेजिंगच्या `wp-content/mu-plugins` फोल्डरमध्ये (नसेल तर तयार करून) ही छोटी फाइल ठेवा:

```php
<?php
add_filter( 'pre_wp_mail', '__return_false' );
```

वर्डप्रेस 5.7 पासून हे चालतं. याला मर्यादा आहेत. काही ईमेल प्लगइन वर्डप्रेसची ईमेलची वाट सोडून स्वतःच्या वाटेने पाठवतात, आणि एसएमएस किंवा व्हॉट्सॲपचे संदेश तर या वाटेने जातच नाहीत. ते प्लगइन स्टेजिंगवर बंदच ठेवा. मग एका ऑर्डरीत स्वतःचा ईमेल आणि नंबर घालून स्थिती बदलून बघा. काहीच आलं नाही तर पुढे जा. फाइल्स लाइव्हवर नेताना मात्र ही फाइल वगळा, नाहीतर खऱ्या दुकानाचे ईमेल बंद पडतील.

पेमेंटच्या किल्ल्याही लगेच बदला. रेझरपे वापरत असाल तर किल्लीची सुरुवात `rzp_test_` अशी हवी. `rzp_live_` दिसत असेल तर चाचणीच्या ऑर्डरीचे पैसे खरेच कापले जातील.

चूक तिसरी: स्टेजिंग उघडं ठेवणं

सेटिंगमधली ‘सर्च इंजिनांनी दुर्लक्ष करावं’ ही खूण ही नुसती विनंती आहे. प्रतीत गिऱ्हाइकांची माहिती आहे, त्यामुळे होस्टिंगच्या पॅनेलमधून पूर्ण स्टेजिंगला पासवर्ड लावा. त्यानंतर चाचणीचं पेमेंट झालं तरी ऑर्डर ‘पेमेंट बाकी’वरच अडकलेली दिसली, तर लगेच प्लगइनला दोष देऊ नका. गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप वेबहुकने पाठवतो आणि तो निरोपही त्याच पासवर्डपाशी अडतो. गेटवेच्या वेबहुक नोंदीत 401 दिसलं तर कारण हेच. तेवढ्या एका पत्त्याला पासवर्डमधून सूट द्या आणि चाचणी पुन्हा करा.