कॅप्शन बटणांखाली जात होतं, ते असं सोडवलं

सायकलचं पंक्चर काढण्याच्या उभ्या व्हिडिओच्या स्क्रिप्टमध्ये मी टीप लिहिली होती: ‘मजकूर: खाली, मध्यभागी’. एडिटरने तसंच केलं. फोनवर पाहिलं तर ‘आधी हवा पूर्ण सोडा’ ही ओळ खात्याच्या नावामागे आणि वर्णनामागे गेलेली, दुसरी लांब ओळ उजवीकडच्या लाइक-शेअरच्या बटणांत घुसलेली. एडिटिंगच्या पडद्यावर ही बटणं नसतातच, त्यामुळे तिथे सगळं छान दिसतं.

चूक माझ्या टिपेत होती. ‘खाली’ म्हणजे किती, हे कुठे लिहिलं होतं? आता 1080 × 1920 च्या फ्रेमसाठी आकडे देतो. वरचे 270 आणि खालचे 670 पिक्सेल रिकामे, उजवीकडे 180 मोकळे. नवी टीप अशी: ‘मजकूर: वरून 1000 ते 1200, डावीकडून सुरू, दोन ओळी’.

पण तिथे माझे हात टायर उचलताना दिसत होते, मजकूर नेमका त्यांच्यावर आला. मग त्या एका शॉटपुरती टीप बदलून ‘वरून 300 ते 500’ केली. पुढच्या वेळी कॅमेराच थोडा मागे ठेवेन.

अपलोडच्या आधी खासगी मसुदा फोनवर उघडून बघतो, वर्णन मुद्दाम लांब ठेवून. प्रत्येक ॲपची बटणं वेगळ्या जागी असतात, शिवाय ती अधूनमधून हलतातही.