रेशो स्प्रेडमधला उघडा कॉल आधी झाका

समजा निफ्टी 24,000 वर आहे. तुम्ही 24,200 चा एक कॉल 150 ला घेतला आणि त्याच एक्सपायरीचे 24,500 चे दोन कॉल प्रत्येकी 60 ला विकले. हा झाला रेशो स्प्रेड: एक कॉल घ्यायचा, वरच्या स्ट्राइकचे दोन विकायचे. खिशातून गेले फक्त 30 पॉइंट. बाजार पडला तर नुकसान तेवढंच, आणि एक्सपायरीला निफ्टी नेमका 24,500 वर थांबला तर 270 पॉइंट नफा. हेच आकडे पाहून नवखा माणूस सौदा टाकतो.

पण विकलेल्या दोन कॉलपैकी एकालाच विकत घेतलेल्या कॉलचा आधार आहे, दुसरा उघडा आहे. 24,500 च्या वर प्रत्येक पॉइंटला एक पॉइंट जातो. 24,770 ला नफा संपतो, 25,200 ला 430 पॉइंटचा तोटा, आणि पुढे त्याला छत नाही.

आणखी एक गोष्ट पेऑफच्या आलेखात दिसत नाही, कारण तो एक्सपायरीच्या दिवसाचा असतो. एक्सपायरीला बरेच दिवस असताना निफ्टी झपाट्याने 24,500 ला पोहोचला, तर विकलेल्या कॉलमध्ये अजून भरपूर टाइम व्हॅल्यू असते. मग जिथे सर्वाधिक नफा अपेक्षित होता, तिथेच खात्यात तोटा दिसू शकतो. वर ब्रोकर जादा मार्जिन मागू शकतो.

म्हणून सौदा टाकतानाच 24,900 चा एक कॉल घ्या. तो 15 ला मिळाला तर एकूण खर्च 45 होतो, नफा 255 वर येतो, पण वरचा तोटा 145 पॉइंटवर अडतो. माझ्या मते हे 15 पॉइंट वाचवू नयेत. तेजी सुरू झाल्यावर हाच कॉल कितीतरी महाग झालेला असतो.