पुण्यात दिवस काढायचाय? रिटायरिंग रूमसाठी कोणता पीएनआर चालतो

सांगलीहून सकाळी पुण्यात उतरायचं आणि नागपूरची गाडी रात्री. मधल्या वेळेसाठी स्टेशनवरची रिटायरिंग रूम बरी, पण ती मिळणं पीएनआरवर ठरतं. तिकिटावर जिथून प्रवास सुरू होतो किंवा जिथे संपतो, त्याच स्टेशनावर खोली बुक होते. त्यामुळे सांगली ते पुणे आणि पुणे ते नागपूर अशी दोन तिकिटं असतील, तर पुण्यात कोणताही पीएनआर चालतो. तिकीट पुण्यावरून पुढे जाणारं एकच असेल, तर पुण्यात बुकिंग होत नाही. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं. आयआरसीटीसीवर आधीच पाहावं, कारण खोल्या मोजक्याच असतात. जाताना मूळ ओळखपत्र न्यावं.

खोली मिळाली नाही तर सामान क्लोकरूममध्ये ठेवून गावात फिरता येतं. तिथे मुख्य अडचण कुलुपाची. उघडी किंवा नुसती चेन लावलेली बॅग घेत नाहीत. कापडी बॅगेच्या चेनच्या दोन्ही ओढण्या एकत्र करून त्यातून छोटं कुलूप घालावं. नाशवंत खाणं आत ठेवू नये. आंब्याची पेटी तर स्वतःजवळच बाळगावी. भाडं नगावर आणि २४ तासांच्या हिशेबाने असतं, म्हणून दोन लहान पिशव्या एका मोठ्या बॅगेत कोंबल्या तर फायदा. पावतीचा फोटो काढून ठेवावा. तरी मूळ पावती जपाच, ती हरवली की सामान तुमचंच आहे हे पटवून देण्यात वेळ जातो, आणि गाडी थांबत नाही.