महिना बंद झाल्यावर परत आलेल्या मालाची नोंद

हिशेब विभागात नव्याने आलेल्यांना पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न पडतो: जानेवारीत विकलेला माल फेब्रुवारीत परत आला आणि जानेवारी बंद झालेला आहे, तर नोंद कोणत्या महिन्यात करायची? मूळ बीजक उघडून त्यातील नग कमी करण्याचा मोह होतो. तसे केले की अहवाल म्हणून आधीच दिलेली जानेवारीची विक्री आणि खतावणीतील विक्री जुळत नाही, आणि हा फरक बहुधा पुढच्या तपासणीतच उघड होतो.

माझ्या कामात मी दोन तारखा कटाक्षाने वेगळ्या ठेवतो. क्रेडिट नोटची तारीख माल परत आल्याची, म्हणजे चालू महिन्यातली. मूळ बीजकाचा क्रमांक आणि तारीख मात्र संदर्भ म्हणून तिच्यावर असलीच पाहिजे. परतावा कोणत्या महिन्याच्या विक्रीवरचा आहे, हे त्या संदर्भावरूनच कळते.

समजा, जानेवारीत 40 नग प्रत्येकी 500 या दराने विकले आणि एका नगाची खरेदी किंमत 350 होती. 6 फेब्रुवारीला 8 नग परत आले. मधल्या काळात दर 520 झाला असला तरी क्रेडिट नोट 500 नेच होते, कारण ग्राहकाच्या खात्यावर तेवढीच रक्कम नावे पडलेली असते. बीजकावर सूट दिली असेल तर तीही त्याच प्रमाणात वजा करावी लागते. त्यामुळे कर वगळून 4,000 विक्री परताव्याच्या खात्याला नावे आणि ग्राहकाच्या खात्यात जमा होतात. कराचा भाग मूळ बीजकावरील दरानेच उलटवायचा, मात्र करविवरणात तो कोणत्या काळात आणि किती मुदतीत दाखवता येतो, हे स्थानिक कायदाच ठरवतो.

अर्धे काम इथेच राहून जाते, असे मी वारंवार पाहिले आहे. 8 नगांचे 2,800 साठ्यात परत घेऊन विकलेल्या मालाच्या खर्चातून कमी करायला हवेत. त्यांपैकी 2 नग विकण्याजोगे नसतील, तर त्यांचे 700 तोटा म्हणून लिहावे लागतात. म्हणून फेब्रुवारीचा नफा 4,000 ने नव्हे, तर 1,200 अधिक 700, म्हणजे 1,900 ने घटतो. साठ्याची बाजू राहून गेली, तर गोदामातील प्रत्यक्ष मोजणी पुस्तकापेक्षा जास्त भरते. ही त्याची हमखास खूण आहे.

मालच पाठवला नव्हता आणि बीजक चुकून फाडले गेले होते, असे आढळले तर तो परतावा नसून जानेवारीतील चूक ठरते, आणि ती वरिष्ठांकडे लेखी न्यावी. वर्षअखेरीचे प्रकरणही निराळे आहे: परतावे नेहमीचेच असतील, तर अपेक्षित परताव्याची तरतूद त्याच वर्षाच्या विक्रीतून वजा केली जाते आणि नंतर आलेली क्रेडिट नोट त्या तरतुदीतून वळती होते, म्हणून नव्या वर्षाची विक्री पुन्हा कमी करू नये.