जनमत कौलावरचं उत्तर तपासताना

दहावीच्या पोरांकडून हमखास येणारं वाक्य: ‘1967 च्या कौलाने गोवा राज्य झालं.’ इथे तारीख बरोबर असली तरी गुण कापा. 16 जानेवारीच्या मतदानात पर्याय दोनच होते, महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा संघप्रदेश. राज्याचा दर्जा आला 30 मे 1987 ला.

मग कारणं बघा. ‘लोकांना वेगळं राहायचं होतं’ हे कारण नव्हे, निकालच फिरवून लिहिलेला. आणि एकतर्फीपणा ओळखायला सोपी खूण: 1963 ची निवडणूक विलीनीकरणवादी मगो पक्षाने जिंकली होती, कौलातही विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली (विरोधात 1,72,191). ती का पडली, यावर उत्तरात एक ओळ तरी हवी.