कंटीचं काम पहिल्यांदा करताय? एका जेवणाच्या सीनवरून सगळं सांगते

सेटवर नवीन एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर आला की त्याच्याकडे बहुतेक वेळा आधी कंटी येते, म्हणजे शॉट एकमेकांशी जुळतात ना ते बघायचं कंटिन्युइटीचं काम, आणि सोबत सूचना एकच, "फोटो काढत रहा". फोटो काढायचेच आहेत, पण त्यात वस्तू कुठे होती तेवढंच कळतं, कधी होती ते कळत नाही, आणि एडिटरला कट मारताना नेमकं तेच लागतं. बाबांनी ग्लास उजव्या हाताने उचलला हे फोटोत आलं, पण कुठल्या शब्दावर उचलला हे फक्त तुमच्या कागदावर असणार आहे. बाहेरच्या देशांत या कामाला स्क्रिप्ट सुपरवायझर म्हणून वेगळा माणूस असतो, आपल्याकडे बरेचदा एडींपैकीच एकजण करतो आणि कधीकधी तर क्लॅप पण त्याच्याच हातात असतो, त्यामुळे काय टिपायचं आणि काय सोडायचं हे लवकर ठरवता यायला लागतं.

एक सीन धरून बोलू म्हणजे सोपं जाईल. समजा सीन ४२, रात्र, डायनिंग टेबल. बाबा टेबलाच्या एका टोकाला म्हणजे फ्रेमच्या डावीकडे, आई दुसऱ्या टोकाला उजवीकडे, मुलगा आणि सून पलीकडच्या लांब बाजूला शेजारी शेजारी, मुलगा बाबांच्या जवळ आणि सून आईच्या जवळ. अलीकडची बाजू रिकामी, तिथे कॅमेरा. मुलगा सांगतो की त्याने नोकरी सोडली, बाबा "मला एका शब्दाने विचारलंस?" म्हणत टेबलावर हात आपटून उठतात, आमटी मुलाच्या शर्टावर उडते. पहिल्या दिवशी मास्टर, म्हणजे पूर्ण सीनचा वाईड शॉट, आणि आई बाबांचे क्लोज झाले आणि बाबांची डेट संपली. मुलाचे आणि सुनेचे क्लोज चार दिवसांनी. आणि सीन ४३, ज्यात सून तीच ताटं उचलून स्वयंपाकघरात नेते, तो आठवडाभर आधीच शूट झालाय.

तर पहिलं काम शूटच्या आधीचं. स्क्रिप्ट घेऊन प्रत्येक सीनला गोष्टीतला दिवस लिहायचा, म्हणजे कथेतला पहिला दिवस, दुसरा दिवस असं, आणि कुठला सीन कुठल्या सीनला थेट चिकटलाय ते वेगळ्या रंगाने दाखवायचं. ४२ आणि ४३ थेट चिकटलेले आहेत. म्हणजे ४३ मध्ये ताटात जे उरलंय तिथपर्यंतच ४२ मध्ये जेवण पोचायला हवं, जास्तही नाही आणि कमीही नाही, सुनेचा पदर ४३ मध्ये खोचलेला असेल तर ४२ संपताना तो खोचायला कुठेतरी वेळ मिळायला हवा, नाहीतर दारातून आत जाताना तो आपोआप खोचला गेला असं दिसेल. हे सगळं डायरेक्टरला रिहर्सलच्या आधी सांगा. मास्टर झाल्यावर सांगितलं तर ती माहिती कुणाच्याच कामाची नसते.

आता मास्टर. मास्टरमध्ये जे घडतं ते पुढच्या प्रत्येक शॉटला लागू होतं, त्यामुळे माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. संवादांचं पान समोर घ्यायचं आणि ज्या शब्दावर हालचाल झाली त्या शब्दाच्या डोक्यावर खूण करायची. उदाहरणार्थ मुलाचं वाक्य आहे "बाबा, मी राजीनामा दिला." "बाबा" वर त्याने पोळीचा तुकडा मोडला, "दिला" नंतर हात ताटातच थांबला, आईने त्याच वेळी वाढायचा डाव परत भांड्यात ठेवला. एवढंच टिपायचं. चारही जणांचा प्रत्येक घास लिहायला गेलात तर मान वर करून बघायला वेळच उरणार नाही. बोलणाऱ्याची हालचाल आणि ज्याच्याकडे कट जाणार असं वाटतंय त्याची हालचाल, या दोन आधी, बाकी मॉनिटरच्या प्लेबॅकवरून नंतर भरता येतात.

टेक बदलला की हालचाल पण बदलते, माणूसच आहे. म्हणून शेवटी ओके झालेल्या टेकची खूण पक्की करायची आणि बाकीच्यांची पेन्सिलने ठेवायची. दोन टेक ओके असतील आणि दोन्हींत ग्लास वेगवेगळ्या शब्दावर उचललाय, तर क्लोज घ्यायच्या आधी डायरेक्टरला विचारायचं की कुठल्याशी जुळवायचं.

खाण्याच्या सीनमध्ये वस्तूंच्या तीन अवस्था ठरवून ठेवते, सुरुवात, मधला एक पक्का शब्द, आणि शेवट. इथे मधला शब्द "दिला". सुरुवातीला मुलाच्या ताटात दीड पोळी आणि भाजी पूर्ण, "दिला" ला एक पोळी आणि थोडं जास्त, शेवटी एक. मग पिकअप, म्हणजे सीनचा एखादाच तुकडा, मधूनच घ्यायचा झाला तरी आर्टवाल्यांना कुठली अवस्था लावायची ते सांगता येतं. पाण्याच्या ग्लासला कॅमेऱ्याच्या उलट बाजूला बारीक टेपची खूण करायची, पातळी बघायला सोपी जाते. पोळ्या किती लागतील याचा हिशोब आदल्या दिवशी द्या. सहा टेक आणि चार सेटअप म्हटलं तर चोवीस वेळा ताट पहिल्यासारखं लावायचंय, प्रत्येक वेळी अर्धी पोळी गेली तर एकट्या मुलासाठी बारा पोळ्या नुसत्या खाण्यात जातात, शिवाय ताटात दिसायच्या वेगळ्या आणि वाळून कडा वळतात म्हणून बदलायच्या त्या वेगळ्या. नट अनुभवी असेल तर मास्टरमध्ये तो मुद्दाम कमी खातो कारण त्याला माहीत असतं की हेच परत परत करायचंय, नवीन असेल तर त्याला हळूच सांगा.

फोटोबद्दल एवढंच, की "कट" झाल्यावर लोक हलायच्या आत "होल्ड" म्हणून काढा, सुरुवातीचा पण काढा, आणि फ्रंट कॅमेऱ्याने कधीच काढू नका कारण काही फोन तो फोटो उलटा सेव्ह करतात आणि घड्याळ डाव्या हातात होतं की उजव्या यावर तुम्ही स्वतःच गोंधळता. नाव लगेच द्या, S42_SH3_T4 असं काहीतरी, रात्री घरी जाऊन दोनशे फोटोंना नावं देता येत नाहीत.

कपड्यांचं बघू. मुलाच्या शर्टावर आमटी उडते, म्हणजे रीटेक झाला की स्वच्छ शर्ट लागणार, म्हणजे सारखे शर्ट निदान चार पाच, आणि हे कॉस्च्युमला खरेदीच्या वेळी कळायला हवं. डाग पडल्यावर तो शर्टाच्या बटणांवरून मोजून लिहायचा, दुसऱ्या बटणाच्या दोन बोटं डावीकडे, लांबी अंगठ्याएवढी, असं. ओला डाग गडद दिसतो आणि चार दिवसांनी तो वाळून फिका झालेला असतो, त्यामुळे शॉटच्या आधी पाण्याचा फवारा मारून बघायचा आणि पहिल्या दिवशीच्या फ्रेमशी मॉनिटरवर ताडून घ्यायचा. बाहीच्या घड्या किती, दोन की तीन, हे पण लिहा. आणि तो शर्ट वेगळ्या पिशवीत घालून वर मोठ्या अक्षरात "धुवायचा नाही, इस्त्री नाही" अशी चिठ्ठी लावा. एका प्रोजेक्टवर पॅकअपनंतर सगळे कपडे नेहमीसारखे धुऊन इस्त्री होऊन आले, डाग गेला, बाहीच्या चुण्या गेल्या. ड्रेस दादांनी त्यांचं काम नीट केलं होतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुनेचं बघताना मंगळसूत्र पदराच्या वर की आत, केस खांद्याच्या पुढे की मागे, हे दर टेकला बघायचं कारण ते हलतं. टिकली आणि बांगड्या दिवसाच्या सुरुवातीला आणि ब्रेकनंतर बघितल्या तरी चालतं.

आणि आता लूक, म्हणजे नट कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला बघतोय. नवीन लोकांना हेच जड जातं कारण ते फोटोत धड दिसत नाही. आपल्या मास्टरच्या हिशोबाने बाबा मुलाकडे बघतात तेव्हा लूक कॅमेरा राईट, मुलगा बाबांकडे बघतो तेव्हा कॅमेरा लेफ्ट, आणि तो बायकोकडे किंवा आईकडे वळला तर कॅमेरा राईट. कॅमेरा रिकाम्या बाजूला आहे तोवर हे बिघडत नाही. बिघडतं कधी, तर मुलाच्या खांद्यावरून बाबांचा शॉट घ्यायचा म्हणतात तेव्हा. टेबलाच्या बाजूचा खांदा म्हणजे मुलाचा डावा, पण तिथे टेबल आणि ताटं आहेत, कॅमेरा ठेवायला अडचण, म्हणून मागची भिंत काढून उजव्या खांद्यावरून लावायचं सुचतं. तिथे कॅमेरा दोघांमधली रेषा ओलांडतो आणि बाबांचा लूक लेफ्ट होतो, मुलाचा क्लोज पण लेफ्ट, म्हणजे जोडल्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. कॅमेरा लागायच्या आधी हे बोला. मार्ग असतात, कॅमेरा चालू शॉटमध्ये फिरत पलीकडे नेता येतो, किंवा मधे मुलगा बायकोकडे वळतो त्या शॉटवरून नवीन रेषा धरता येते, पण ते डायरेक्टर आणि डीओपी ठरवणार, तुमचं काम वेळेत सांगायचं.

चार दिवसांनी बाबा नाहीत, समोरून क्यू द्यायला एखादा असिस्टंट उभा राहतो. बाबा बसलेले होते, हा उभा आहे, मुलगा आपोआप वर बघतो आणि सीनच्या पहिल्या अर्ध्या भागात ते चुकीचं आहे. म्हणून पहिल्याच दिवशी बाबांच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजायची, बसलेली साधारण चार फूट आणि उभी साडेपाच असं जे येईल ते, आणि "विचारलंस" च्या कुठल्या अक्षराला ते पूर्ण उभे राहिले ते पण. मग त्या दिवशी सी-स्टँडवर दोन टेपच्या खुणा करायच्या, मुलगा आधी खालच्या खुणेकडे बघेल, त्या शब्दाला नजर वर नेईल. जागा मात्र मोजमापाने जशीच्या तशी लावून चालत नाही, लांब लेन्सवर बाबांच्या खऱ्या खुर्चीकडे बघितलं तर मुलाचा चेहरा जवळजवळ साईडने दिसतो, म्हणून स्टँड लेन्सच्या जवळ सरकवतात. सरकवा, पण तो लेन्सच्या डावीकडेच राहू दे आणि बाबांचा क्लोज लेन्सच्या किती जवळ बघून घेतला होता ते नोंदीतून सांगा, दोघांची जवळीक सारखी दिसायला हवी. त्यासाठी पहिल्या दिवशी लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि अंतर फोकस पुलरकडून लिहून घ्या.

पॅकअपला एडिटकडे जाणाऱ्या शीटवर नुसतं ओके, एनजी लिहू नका. संवादांवर उभ्या रेघा मारून कुठला शॉट कुठपर्यंत आहे ते दाखवा, जिथे बोलणारा फ्रेममध्ये आहे तिथे सरळ रेघ, जिथे नुसता आवाज आहे तिथे नागमोडी. आणि न जुळणारं स्पष्ट लिहा. शॉट ३, टेक ४, बाबांचा अभिनय सगळ्यात चांगला पण ग्लास डाव्या हातात, हात आपटल्यानंतर ग्लास फ्रेमबाहेर आहे, तिथून पुढे कुठेही जाता येईल. असं लिहिलं की डायरेक्टरला तो टेक सोडावा लागत नाही आणि एडिटरला कट कुठे मारायचा ते शोधत बसावं लागत नाही.